सोसायटीच्या जमिनीवर अजून मूळ मालकाचं नाव: बेळगावात डीम्ड कन्व्हेयन्स होतो का?

तिसरा_मजला
आमची इमारत टिळकवाडीत आहे, 2009 सालची. जागा 8 गुंठे. जमीनमालक वेगळे आणि बिल्डर वेगळा, दोघांत जॉइंट डेव्हलपमेंटचा करार होता. आम्ही 16 जण फ्लॅटधारक, सगळे टू बीएचके, एकाच मापाचे. पुण्यातल्या एका नातेवाइकांच्या सोसायटीचा डीम्ड कन्व्हेयन्स नुकताच पूर्ण झाला, तेव्हा आम्हीही सीटीएस उतारा काढून पाहिला. त्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे. आमच्यातले दोघंतिघं घाबरले आहेत, बाकीचे म्हणतात की चौदापंधरा वर्षं काही झालं नाही, आता काय होणार. बेळगावात डीम्ड कन्व्हेयन्स करता येतो का? येत असेल तर अर्ज कुठे द्यायचा?

अनगोळकर
करता येतो की. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज द्या, बिल्डरला नोटीस जाते, तो आला नाही तर एकतर्फी करून देतात. आणि मुळात इतकं घाबरायचं कारण नाही. कार्पोरेशनचा खाता तुमच्या नावावर आहे ना? घरपट्टी तुम्हीच भरता ना? मग जमीन तुमचीच झाली.

पहाणी_उतारा
अनगोळकर, थोडं थांबा. तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि दोन्ही इथे लागू पडत नाहीत.

डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे सरकारी मराठीतलं मानीव अभिहस्तांतरण, ही महाराष्ट्राच्या कायद्यातली सोय आहे. तिथल्या 1963 च्या मोफा कायद्याच्या कलम 11 नुसार बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत. बिल्डर लोक करून देत नव्हते, म्हणून 2008 मध्ये त्याच कलमात भर घातली आणि जिल्हा उपनिबंधकांना सक्षम प्राधिकारी करून एकतर्फी दस्त करून घेण्याचा रस्ता दिला. कर्नाटकातही 1972 चा ओनरशिप फ्लॅट्स कायदा आहे. तो मोफासारखाच बेतलेला आहे आणि बिल्डरनं हक्क करून द्यावा असं कलम त्यातही आहे. पण एकतर्फी दस्ताची ती भर इथे कधी पडली नाही. त्यामुळे बेळगावच्या उपनिबंधकांकडे असा अर्ज नेलात तर ते घेणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

आता खात्याचं. खाता ही कराची नोंद आहे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची हे कार्पोरेशनला कळावं, एवढंच तिचं काम. मालकी येते ती नोंदणी झालेल्या दस्तातून. उलट बाजूही तीच आहे: सीटीएस उताऱ्यावर मूळ मालकाचं नाव राहिलं म्हणून तुमचं खरेदीपत्र खोटं ठरत नाही. तिसरा_मजला, म्हणून उतारा बाजूला ठेवा आणि आधी हे सांगा: तुमच्या हातात नोंदवलेलं सेल डीड आहे की नुसतं अ‍ॅग्रीमेंट? आणि सेल डीडच्या शेड्यूलमध्ये जमिनीचा अविभक्त हिस्सा किती चौरस फूट लिहिला आहे?

निपाणीकर_ताई
बरं झालं हा धागा निघाला. आमचा फ्लॅट कोल्हापुरात आहे, राहतो आम्ही निपाणीत. 24 फ्लॅटची सोसायटी, रजिस्टर झालेली. बिल्डर आता फोन उचलत नाही. सातबाऱ्यावर शेतमालकाचं नाव, ते वारले, त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. बिल्डरकडे फक्त विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र होतं. आम्हाला तरी डीम्ड कन्व्हेयन्स मिळेल ना? की आम्ही कर्नाटकात राहतो म्हणून काही अडचण?

पहाणी_उतारा
ताई, तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. इमारत महाराष्ट्रात आहे, म्हणून तिथला कायदा. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, सोसायटीनं करायचा.

आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून सही करणारे पदाधिकारी ठरवा. मग बिल्डरला वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा आणि तिची पोच जपून ठेवा. अर्ज नमुना 7 मध्ये असतो, त्यावर 2000 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, करारांच्या सूची दोनच्या प्रती, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मंजूर नकाशा. भोगवटा दाखला मिळालेला नसेल तरी त्यापायी थांबू नका, 2018 नंतर स्वयंघोषणापत्रावर अर्ज घेतात. सुनावणी होऊन सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावा असं कायद्यात आहे. वेळ त्याहून जास्त लागतो, तो बहुतेक नोटिसा बजावण्यात जातो.

तुमच्या प्रकरणात खरी मेख वारसांची आहे. बिल्डरला नोटीस गेली आणि वारसांना गेलीच नाही, तर त्यातला कुणीही एक जण पुढे हायकोर्टात जाऊन "आमचं म्हणणंच ऐकलं नाही" म्हणेल आणि आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा सुरुवातीला येईल. म्हणून पाचही वारसांना अर्जात पक्षकार करा. मुलींची नावं लोक हमखास विसरतात, कारण वारस नोंद करताना तलाठ्याकडे त्यांची नावं लागलेलीच नसतात. पत्ते सापडत नसतील तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची परवानगी मागा.

खानापूर_रोड
पण मालक वारले म्हणजे कुलमुखत्यारपत्रही संपलं. मग बिल्डरनं त्यानंतर ज्यांच्याशी करार केले ते करारच गेले की. ताईंनी आधी तेच बघायला हवं.

पहाणी_उतारा
साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनं संपतं, हे बरोबर. पण बिल्डरनं मालकाला पैसे देऊन, बांधकामात स्वतःचा हितसंबंध तयार करून ते घेतलं असेल, तर करार कायद्याच्या कलम 202 खाली ते टिकतं असा बिल्डरच्या बाजूचा युक्तिवाद असतो. टिकेल की नाही हे त्या कागदाच्या शब्दांवर ठरतं. तो कागद न बघता मी हो किंवा नाही म्हणणार नाही. ताई, मालकांच्या मृत्यूची तारीख आणि प्रत्येक कराराची तारीख शेजारी शेजारी लिहून काढा. त्या तारखेनंतरचे करार किती आहेत ते आधी कळू दे.

सर्वे_नंबर
मोजणीचं मी सांगतो, कारण बहुतेक आदेश तिथेच अडकतात. उपनिबंधक जे प्रमाणपत्र देतात त्यात क्षेत्रफळ लिहिलेलं असतं आणि पुढचा दस्त त्याच आकड्यावर होतो. समजा सातबाऱ्यावर 1200 चौरस मीटर आहे, पण रस्ता रुंदीकरणात 90 चौरस मीटर गेले आणि सातबाऱ्याला तो बदल लागलाच नाही. मंजूर नकाशात 1110 दिसेल आणि अर्जात कुणीतरी 1200 लिहिलेलं असेल. नोंदणी झाल्यावर फेरफाराला गेलात की भूमी अभिलेखवाले आकडा जुळत नाही म्हणून परत पाठवतात, आणि मग दुरुस्तीच्या आदेशासाठी पुन्हा उपनिबंधकांकडे चकरा. अर्ज करायच्या आधी सरकारी मोजणी करून घ्या आणि आर्किटेक्टचा दाखला त्याच आकड्याचा घ्या. एकाच जागेवर दोनतीन इमारती असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तिथे तुमच्या इमारतीच्या वाट्याची जमीन किती हेच सिद्ध करावं लागतं.

निपाणीकर_ताई
इमारत एकच आहे, ते बरं. पण स्टॅम्प ड्युटीचं काय? एक सभासद म्हणतात की पूर्ण जमिनीच्या आजच्या किमतीवर ड्युटी भरावी लागणार, म्हणून ते ठरावालाच विरोध करतात.

सर्वे_नंबर
त्यांना समजावून सांगा, तसं नाही. प्रत्येकानं आपल्या करारावर जी ड्युटी भरली आहे ती वजा होते. सगळ्या 24 करारांवर पूर्ण ड्युटी भरलेली असेल तर अभिहस्तांतरणाच्या दस्तावर फक्त नाममात्र ड्युटी. मात्र मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला कागद गेले की ते एकेक करार तपासतात. एखाद्याचा करार कमी स्टॅम्पवर झालेला असेल, किंवा नोंदलेलाच नसेल, तर फरक आणि दंड त्याला भरावा लागतो, आणि तो भरेपर्यंत सगळ्यांचं अडतं. जागेवर वापरायचा राहिलेला एफएसआय असेल तर त्याचीही किंमत धरली जाऊ शकते. विरोध करणाऱ्या सभासदांचा स्वतःचा करार एकदा प्रेमानं मागून बघा, बरेचदा भीती तिथून आलेली असते.

कॅम्पातला
आमचा बंगला कॅन्टोन्मेंटात आहे, आजोबांपासून. आम्हीही कन्व्हेयन्स करून घ्यावा का? बिल्डर कुणी नाही आमच्याकडे.

पहाणी_उतारा
तुमचा प्रश्न वेगळा आहे. कॅम्पातले बरेच जुने बंगले ओल्ड ग्रँटवर आहेत. तिथे बांधकाम आणि वहिवाट तुमची, जमीन भारत सरकारची. ती तुम्हाला किंवा कुणाला कन्व्हेयन्स करून देणारा बिल्डरच नसतो. तुमच्याकडचा कागद ग्रँटचा आहे, लीजचा आहे की खाजगी मालकीचा, हे संरक्षण खात्याच्या जमीन रजिस्टरात, म्हणजे जीएलआरमध्ये दिसेल. वेगळा धागा काढलात तर तिथे नीट बोलू, इथे मूळ प्रश्न हरवेल.

तिसरा_मजला
हो, माझा प्रश्न हरवू देऊ नका. आमच्यापैकी सोळाही जणांकडे नोंदवलेलं सेल डीड आहे. माझ्या शेड्यूलमध्ये अविभक्त हिस्सा 476 चौरस फूट आहे. बाकीच्यांचं विचारलं, सगळ्यांचं तेवढंच. विकणारे म्हणून जमीनमालक, त्यांच्यातर्फे मुखत्यार म्हणून बिल्डरची सही.

पहाणी_उतारा
ही चांगली बातमी आहे आणि पुण्याच्या तुलनेतला फरकही इथेच आहे. महाराष्ट्रात जुन्या पद्धतीच्या करारात फ्लॅट घेणाऱ्याला जमिनीत थेट काहीच मिळत नाही, जमीन सोसायटीला मिळायची असते. म्हणून तिथे कन्व्हेयन्स नाही म्हणजे जमीन शंभर टक्के दुसऱ्याची. आपल्याकडे प्रत्येक सेल डीडमध्येच जमिनीचा अविभक्त हिस्सा विकलेला असतो. तुमच्यापैकी प्रत्येक जण आजही त्या 8 गुंठ्यांत 476 फुटांचा मालक आहे. सोसायटीच्या नावानं काही झालेलं नसलं तरी. मूळ मालकांच्या मुखत्यारीनं सही झाली आहे हेही योग्य. बिल्डरनं नुसत्या स्वतःच्या नावानं विकलं असतं तर मी काळजी केली असती.

पण आता बेरीज करू. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 8 गुंठे म्हणजे 8712. तुमचे 16 गुणिले 476 म्हणजे 7616. उरले 1096 चौरस फूट, साधारण साडेबारा टक्के. ते कुणी विकलेलेच नाहीत, म्हणजे अजून मूळ मालकाचे आहेत. उतारा घेऊन घाबरण्यापेक्षा हा आकडा कुठून आला ते शोधा. एवढा हिस्सा ज्याच्याकडे आहे तो पुनर्विकासाच्या वेळी सहीला बसतो, आणि गच्चीवर आणखी एक मजला चढवायचा हक्कही सांगू शकतो.

अनगोळकर
कायद्याचं माझं चुकलं, मान्य. पण 476 सगळ्यांना सारखं कसं? तळमजला आणि तिसरा मजला यांची किंमत वेगळी असते.

पहाणी_उतारा
तुमचा मुद्दा कायद्याला धरून आहे. अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात हिस्सा फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात काढायचा आहे, क्षेत्रफळाच्या नाही. प्रत्यक्षात बेळगावात सगळे क्षेत्रफळावरच काढतात. तो एकदा डिक्लेरेशनमध्ये नोंदला की सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही, आणि फ्लॅटपासून वेगळा काढून विकताही येत नाही. तिसरा_मजला, तुमच्या इमारतीचं डीड ऑफ डिक्लेरेशन सब रजिस्ट्रारकडे नोंदलं आहे का? त्यात फ्लॅटवार टक्केवारीचा तक्ता असतो आणि गच्चीबद्दल एक कलमही. कायद्यानं छप्पर सामाईक धरलं आहे, पण "डिक्लेरेशनमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर" या अटीवर. ते वेगळं लिहिणारी ओळ तिथेच सापडते.

सर्वे_नंबर
सोबत जमिनीच्या सीटीएस नंबरवर इ.सी., म्हणजे बोजा दाखला काढा, फ्लॅटच्या नंबरवर नको. जॉइंट डेव्हलपमेंटचा करार झाला त्याच्या एक वर्ष आधीपासून आजपर्यंतची. फ्लॅटवर काढलेल्या इ.सी.त फक्त तुमची खरेदी आणि तुमचं बँकेचं कर्ज दिसेल. बिल्डरनं बांधकामासाठी अख्खी जमीन बँकेत गहाण ठेवली असेल आणि सोडवल्याचा दस्त नोंदलाच नसेल, तर ते जमिनीवरच्या इ.सी.तच उघड होतं. आणि इ.सी.त नोंदलेलेच व्यवहार येतात, म्हणून बँकेची नो ड्यूज वेगळी मागा.

तिसरा_मजला
आठ दिवसांनी लिहितोय. इ.सी. काढली, कर्ज होतं ते 2011 ला सुटलं आहे, नोंद आहे. डिक्लेरेशन नोंदलेलं आहे. त्यात फ्लॅट 18 आहेत! दोन फ्लॅट जमीनमालकांनी स्वतःच्या वाट्याचे ठेवले, भाड्यानं दिले आहेत, म्हणून सभेला ते कधी नव्हते आणि आम्ही मोजताना सोळाच धरले. गच्चीबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही.

पहाणी_उतारा
मग चित्र खूप बदललं. दोन फ्लॅटचे 952 फूट मालकांचे रीतसर आहेत, त्यासाठी दस्ताची गरज नाही, कारण ते मूळचेच त्यांचे. 1096 मधून 952 गेले, उरले 144 चौरस फूट, पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. गच्चीही सामाईक. आता डिक्लेरेशनच्या तक्त्यात 18 फ्लॅटची टक्केवारी 100 होते का ते बघा. होत असेल तर 144 फूट फक्त सेल डीडमधल्या चौरस फुटांच्या गोळाबेरजेचा फरक आहे, आणि दुरुस्ती दस्तानं निघतो. होत नसेल तर वॉचमनची खोली किंवा पार्किंगचा तुकडा कुणाच्या नावावर वेगळा ठेवला आहे का ते नकाशावर शोधा. दुरुस्ती दस्तावर मालकांची सही लागते. त्यांचे दोन फ्लॅट तुमच्याच इमारतीत आहेत, तेव्हा ते हयात आणि संबंध बरे असतानाच करून घ्या. नाहीतर निपाणीकर ताईंसारखे पाच वारस शोधावे लागतील.

खानापूर_रोड
पण रेराच्या कलम 17 मध्ये तर सामाईक जागेचा हक्क असोसिएशनला द्यायचा असं आहे, भोगवटा दाखल्यापासून तीन महिन्यांत. मग इथे असोसिएशनच्या नावानं कन्व्हेयन्स हवाच ना?

पहाणी_उतारा
2009 च्या पूर्ण झालेल्या इमारतीला रेरा लागत नाही. नव्या इमारतींसाठी मात्र तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं एकमतानं उत्तर नाही. सेल डीडमध्ये अविभक्त हिस्सा आधीच विकला, मग असोसिएशनला द्यायला उरलं काय, असं एक वकील म्हणतो. दुसरा म्हणतो की कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून सामाईक भागाचा वेगळा दस्त हवा. माझा कल असा की नव्या प्रकल्पात सेल डीडचा मसुदा हातात येतो तेव्हाच हे विचारावं, ताबा घेतल्यावर नाही.

सर्वे_नंबर
माझं मत वेगळं आहे. नव्या इमारतीत वेगळा दस्त मागायलाच हवा. बागेचा आणि रस्त्याचा तुकडा बिल्डरच्या नावावर राहिला तर पुढच्या टप्प्याच्या बांधकामाला तोच वापरला जातो. यावर पुढे बोलू.

निपाणीकर_ताई
आमच्या तारखांचा तक्ता झाला. मालकांच्या मृत्यूनंतरचे करार 24 पैकी सहा आहेत. मुखत्यारपत्राची नक्कल कोल्हापूरच्या नोंदणी कार्यालयातून मागवली आहे. मिळाली की मोबदल्याचा परिच्छेद इथे टाईप करते, पहाणी_उतारा दादा, तेवढा बघाल का?

पहाणी_उतारा
जरूर. नुसता मोबदल्याचा नको, "रद्द करता येणार नाही" असं कुठे लिहिलं आहे का तोही परिच्छेद टाका. आणि त्या सहा जणांपैकी कुणी फ्लॅट पुढे विकला असेल तर तेही कळवा.